रीप आधी की कौल?

पावसाळा तोंडावर आला की वसईच्या पट्ट्यातून एकच तक्रार येते : कौले नवी, सुतार चांगला, तरी घर गळते. तुंगारेश्वराच्या पायथ्याला चिंचोटी-कामणकडे पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. तिथे छपराची छोटी चूकही लपत नाही. आमच्या मते निम्म्याहून अधिक गळती कौलात नसते. ती रिपा ठोकल्या त्या दिवशीच घरात आलेली असते.

आपली नेहमीची पद्धत अशी. वासे चढले की सुतार आढ्यापासून पावळीपर्यंत माप घेतो, साडेबारा-तेरा इंचांचा अंदाज धरून सारखे भाग पाडतो आणि रिपा ठोकतो. कौले नंतर येतात. पण मंगलोरी कौल म्हणजे एकच माप नव्हे. भारतीय मानक ६५४ मध्येच ४१०, ४२० आणि ४२५ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या लांब्या आहेत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला पहिला कारखाना काढला. पुढे झालेल्या कारखान्यांचे साचे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. जुन्या वाड्यांची उतरवलेली कौले घेतली तर एकाच ट्रकमध्ये तीन छाप निघतात.

म्हणून रिपेचे अंतर कौलालाच विचारावे. अकरा कौले जमिनीवर पालथी, एकमेकांत अडकवून एका रांगेत मांडा. आधी वरच्या बाजूला सारून घट्ट करा आणि पहिल्या कौलाच्या टोकापासून अकराव्याच्या त्याच टोकापर्यंत मोजा. मग खाचा सुटू न देता ताणून पुन्हा मोजा. समजा घट्ट माप ३१५० आणि ताणलेले ३२५० मिलिमीटर आले. मध्ये दहा अंतरे आहेत, म्हणजे रीप ३१५ ते ३२५ मध्येच बसली पाहिजे.

आता चिंचोटीतले एक साधे दुपाखी घर धरा. वरची रीप ते पावळीची रीप हे अंतर ३९६० भरले. बारा भाग केले तर ३३० येतात : खाच सुटते, कौलावर कौल कमी चढते आणि वाऱ्याचे पाणी फटीतून वर सरकते. तेरा केले तर ३०५ येतात : कौल खाचेवर चढून तोंड उघडे टाकते. दोन्ही चूक. तेरा भाग ३१५ ने धरा, ४०९५ होतात. वासे १३५ मिलिमीटर लांब ठेवून पावळी पुढे न्या. भिंतही कमी भिजेल. मात्र हे वासे कापण्याआधी ठरवावे लागते, आणि त्यासाठी कौले हातात हवीत.

उताराचाही हिशेब इथेच येतो. प्रत्येक कौलाचे खालचे टोक खालच्या कौलावर टेकते, साधारण वीस मिलिमीटर उचलले जाते. त्यामुळे कौलाचा खरा उतार वाशाच्या उतारापेक्षा साडेतीन अंशांनी कमी असतो. फुटाला सात इंच चढ म्हणजे तीस अंश. कौलाला साडेसव्वीस मिळतात. या पावसात याच्या खाली जाऊ नये. ओसरी वाढवताना मात्र डोके आपटू नये म्हणून फुटाला पाच इंच ठेवतात. तिथे कौलाला एकोणीस अंशच उरतात, आणि वरच्या पाखीचे सगळे पाणी त्याच ओसरीवर उतरते! अशा ओसरीला कौल घालूच नये, पत्रा घालावा.

सगळ्यात खालच्या ओळीला टेकायला खाली कौल नसते. म्हणून पावळीची रीप बाकीच्यांपेक्षा त्याच वीस मिलिमीटरने उंच हवी, आडवी न ठोकता उभी ठोकली तरी चालते. ती सपाट राहिली की पहिली ओळ मान टाकते, दुसरीखाली फट पडते आणि तुफानी वारा तिथूनच हात घालतो. पावळीची, कडेची आणि आढ्यालगतची कौले पाठीच्या भोकातून जस्ती तारेने रिपेला बांधा.

घसरलेले कौल दिसले तर ते नुसते वर ढकलू नका; काढून पाठ पाहा. रिपेला अडकणारे टोक तुटलेले असेल तर कौल बदला. टोक शाबूत असेल तर दोष रिपेचा : वाळवीने खाल्लेली, खिळा गंजलेली किंवा वाशांच्या मध्येच सांधलेली. शेजारच्या दोन-तीन ओळीही हलल्या असतील तर ती रीप बदलल्याशिवाय उतरू नका.

गळतीची वेळही मालकाला विचारा. वाऱ्याच्या सरीतच गळते तर कौलांची चढण अपुरी. संथ मुसळधारेत गळते तर उतार कमी किंवा खाचेत पालापाचोळा आणि महामार्गाची धूळ साचलेली. पाऊस थांबून तासाने टिपकते तर कौल कच्चे भाजलेले. पाणी वाशाच्या पोटावरून वाहत खाली येते, तेव्हा डागाच्या वर आढ्यापर्यंत शोधा. आणि सांध्यांवर सिमेंट थापणे बंद करा. ते वर्षभरात तडकते, पाणी धरून ठेवते आणि पुढच्या वेळी एक कौल काढायला गेले की चार फुटतात.

यंदाच्या कामांना आमची एकच विनंती : मालकाने कौले दारात उतरवून घेईपर्यंत एकही वासा कापू नका.