विश्लेषण : बाजार कोसळला आणि नोकरीही गेली तर?

बहुतेक कुटुंबे संकटांचा हिशेब सुटा सुटा करतात. बाजार पडला तर पगार आहे आणि नोकरी गेली तर म्युच्युअल फंडातली पुंजी आहे, अशी ही मांडणी असते. मंदीत मात्र दोन्ही आधार एकदम डळमळू शकतात. १४ जानेवारी २०२० रोजी ४१,९५२ वर बंद झालेला सेन्सेक्स २३ मार्चला २५,९८१ वर आला. म्हणजे घसरण ३८ टक्क्यांची. पाठोपाठ टाळेबंदीत पगारकपात आणि नोकरकपातही सुरू झाली.

चाचणी कशी घ्यायची?

एक कुटुंब कल्पू या. गृहकर्जाचा हप्ता ४२ हजार, घरखर्च आणि शाळेची फी ४८ हजार. बँकेत २ लाख आणि समभाग फंडांत १२ लाख. ९० हजारांच्या मासिक खर्चाने १४ लाखांना भागले, की पंधरा महिन्यांची निश्चिंती दिसते.

आता बाजार एक-तृतीयांश पाडून पाहू. १२ लाखांचे ८ लाख होतात. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही जातो. स्वतःच्या विम्याचे महिना ३ हजार धरले, तर खर्च ९३ हजारांवर जातो. पंधराचे जेमतेम पावणेअकरा महिने उरतात.

खरा फटका कुठे बसतो?

तो अकराव्या नव्हे, तिसऱ्या महिन्यात बसतो. बँकेतले पैसे तेव्हा संपतात आणि पडलेल्या भावात युनिट विकावे लागतात. सहा महिन्यांच्या ५.५८ लाखांपैकी ३.५८ लाख फंडातून काढायचे, तर पूर्वी ५.३७ लाख किंमत असलेली युनिट जातात. म्हणजे जवळपास ४५ टक्के. बाजार पूर्वपदावर आला, तरी उरलेल्या युनिटचे ६.६३ लाखच होतात.

हेच १४ लाख वेगळे वाटले असते तर? ५.५८ लाख मुदत ठेवीत आणि ८.४२ लाख फंडात असते, तर सहा महिने एकही युनिट न विकता निघाले असते आणि बाजार सावरल्यावर ८.४२ लाख शाबूत राहिले असते.

फंड तारण ठेवून कर्ज घेता येईल, हा भरवसाही अपुराच. कर्जाची मर्यादा फंडाच्या चालू किमतीवर ठरते. गरज वाढते तेव्हाच ती घटते. शिवाय पगार बंद असताना व्याज भरावे लागते.

मग किती महिन्यांची तरतूद?

सहा हा आकडा सर्वांना लागू नाही. पती-पत्नी एकाच क्षेत्रात नोकरीला असतील, तर दोन्ही पगार एकदम थांबतील असे धरायला हवे. मोठ्या ठेवीची किंमतही आहेच : तेजीत परतावा कमी मिळतो. पण पुंजी किती महिने पुरेल, यापेक्षा पहिले युनिट कोणत्या महिन्यात विकावे लागेल, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. उत्तर ‘तिसऱ्या’ असे येत असेल, तर पगार सुरू असतानाच वाटणी बदलणे शहाणपणाचे.