यादीतलं नाव

जानेवारी जवळ आला की महाविद्यालयांकडून आपल्या गटांना निरोप येऊ लागतात. २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्राध्यापकांना त्या आठवड्यात कोणीतरी वक्ती हवी असते. 'मुलींना मतदानाचं महत्त्व सांगा, फक्त पक्षाचं राजकारण नको,' एवढीच त्यांची अट असते. यातली दुसरी अट आपल्याला मान्यच आहे. पहिल्या अटीबद्दल मात्र थोडं बोललं पाहिजे.

मतदानाचं महत्त्व या मुलींनी नागरिकशास्त्राच्या तासाला पाचवीपासून ऐकलेलं असतं. पवित्र हक्क, राष्ट्रीय कर्तव्य हे शब्द त्यांना पाठ आहेत. पण सभागृहात विचारून पाहा, 'तुमच्यापैकी कितीजणींनी यादीत आपलं नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय?' हात मोजकेच वर येतात. 'वडील करणार होते', 'कार्ड गावाकडे आहे', 'लग्न झाल्यावर तिकडेच करायचं ना' अशी उत्तरं येतात. आपल्याला मिळणारा अर्धा तास या उत्तरांसाठी वापरला पाहिजे.

सुरुवात करायला एक जुनी हकीकत फार उपयोगी पडते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी, म्हणजे १९५१-५२ साली, मतदार याद्या तयार होत होत्या, तेव्हा लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. परक्या माणसाला घरातल्या बाईचं नाव सांगायचं नाही, हा रिवाज होता. मग याद्यांमध्ये 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशा नोंदी झाल्या. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. मतदार म्हणजे स्वतःच्या नावाची व्यक्ती, कुणाची तरी कोणी नव्हे, अशी भूमिका आयोगाने घेतली. नावं दुरुस्त करून घ्यायचे प्रयत्न झाले, पण जिथे नाव मिळालंच नाही तिथे नोंद काढून टाकली गेली. अशा सुमारे २८ लाख बायका त्या निवडणुकीत मतदानाला मुकल्या. त्यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातल्या होत्या. ही हकीकत सांगितली की सभागृह शांत होतं. मग मुलींना विचारायचं, 'आज तुमचं नाव कोण सांगतं?'

यानंतर थेट अर्जाकडे वळावं. नवीन नोंदणीसाठी नमुना ६ हा अर्ज असतो. मतदानाचं वय १९८९ साली २१ वरून १८ वर आलं, हे मुलींना माहीत असतं. पण अठरावं वर्ष कोणत्या दिवशी पुरं झालेलं असावं लागतं, ते माहीत नसतं. पूर्वी त्यासाठी १ जानेवारी हा एकच दिवस होता. फेब्रुवारीत अठरा पूर्ण करणाऱ्या मुलीला जवळजवळ वर्षभर थांबावं लागे. २०२२ पासून वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीला आगाऊ अर्जही करता येतो. अठरा पूर्ण झाल्यावर येणाऱ्या पहिल्या तारखेच्या हिशेबाने त्याचा निकाल लागतो. म्हणून अकरावी-बारावीच्या वर्गातही हे भाषण वाया जात नाही.

अर्ज voters.eci.gov.in या संकेतस्थळावर भरता येतो किंवा त्या भागाच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो. हे 'बीएलओ' म्हणजे बऱ्याचदा ओळखीच्या अंगणवाडी सेविका किंवा शाळेतल्या बाईच असतात. त्या कोण, हे १९५० या क्रमांकावर विचारता येतं.

वसतिगृहातल्या मुलींसाठी इथे जरा थांबावं. समजा, बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने नाव कुठे नोंदवायचं? तिला निवड आहे. आईवडिलांच्या पत्त्यावर ती नोंदणी करू शकते. किंवा मान्यताप्राप्त आणि निदान वर्षभराचा अभ्यासक्रम ती शिकत असेल, तर वसतिगृहाच्या पत्त्यावरही करू शकते. त्यासाठी अर्जासोबत महाविद्यालयाच्या प्रमुखांचा दाखला जोडावा लागतो. दोन्हीकडे मात्र नाव ठेवता येत नाही. दुसरीकडे नाव नाही असं अर्जात लिहून द्यावं लागतं आणि ते खोटं निघालं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कोणता पत्ता चांगला, हे आपण सांगू नये. तिला दोन प्रश्न विचारावेत. मतदानाच्या दिवशी तू कुठे असशील? आणि कुठल्या पाण्याचा, रस्त्याचा, बसचा प्रश्न तुला तुझा वाटतो? परीक्षेच्या दिवसांत गावी जायला सुट्टी आणि एसटीचं भाडं मिळणार नसेल, तर गावातलं नाव नुसतं कागदावर राहतं. उलट, गावच्या ग्रामपंचायतीत आपलं मत हवं असं तिला वाटत असेल, तर वसतिगृहाचा पत्ता कामाचा नाही. निर्णय तिने घ्यावा आणि घेतलाय हे तिला कळलेलं असावं.

आणखी एक अडचण उशिराची आहे. निवडणूक जाहीर झाली की मुली धावपळ करतात, पण उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर त्या निवडणुकीच्या यादीत नाव घालता येत नाही. अर्जावर हरकती मागवण्यासाठी काही दिवस जातात, तेही धरावे लागतात. स्थानिक निवडणुकांत तर आणखी आधीची तारीख असते. तिथे विधानसभेचीच यादी वापरतात, पण ती कोणत्या दिवसाची, हे राज्य निवडणूक आयोग ठरवतो. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका जाहीर झाल्या, तेव्हा १ जुलै २०२५ ची यादी धरलेली होती. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण केलेली मुलगी त्या मतदानाच्या दिवशी मतदानाच्या वयाची होती, मतदार नव्हती.

मग येतो लग्नाचा प्रश्न. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच काय, मधलं नावही बदलतं, काही घरांत तर पहिलंही. माहेरच्या यादीतली 'कविता भाऊराव' सासरच्या कागदांवर 'कविता संतोष' होते आणि दोन्हींची गाठ कोणी घालून देत नाही. माहेरी 'स्थलांतरित' म्हणून नाव वगळण्याचा अर्ज जातो, सासरी नवा अर्ज राहूनच जातो. मधल्या निवडणुकीत ती कुठेच नसते. यावरचा उपाय सोपा आहे. पत्ता बदलला की नमुना ८ भरायचा, म्हणजे नाव एका यादीतून दुसरीत जातं आणि मधे खंड पडत नाही. त्यासाठी नाव बदलण्याची कायद्याने कसलीही सक्ती नाही. नव्या पत्त्यावर जुन्या नावाने मतदार राहता येतं, हे अनेक मुलींना आपल्या तोंडून पहिल्यांदाच कळतं.

कार्ड म्हणजे नाव नव्हे, हेही सांगावं. जुनं कार्ड हातात असूनही यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल तर आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, पॅन यांसारखं ओळखपत्र चालतं. महाविद्यालयाचं ओळखपत्र चालत नाही. केंद्रावर गेल्यावर आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलंय असं कळलं, तर मुकाट्याने परतायचं नाही. ओळख पटवून देऊन प्रदत्त मतपत्रिका मागायची. ती मोजणीत लगेच धरली जात नाही, पण निवडणुकीचा वाद कोर्टात गेला तर तिचा उपयोग होऊ शकतो आणि गैरप्रकाराची नोंद तरी राहते.

भाषणाचा दुसरा भाग गुप्ततेचा. 'आमच्या घरातली सगळी मतं एकीकडेच जातात,' असं मुली अभिमानाने नाहीतर हताशपणे सांगतात. इथे घराविरुद्ध बोलायची गरज नाही. वडिलांचं मत तिला पटत असेल तर तेही तिचंच मत आहे. आपण फक्त वस्तुस्थिती सांगायची. यंत्राजवळच्या आडोशामागे मतदार एकटीच जाते. सोबती नेण्याची मुभा फक्त अंध किंवा स्वतः बटण दाबू न शकणाऱ्या मतदाराला आहे. मतदान केंद्रात मोबाईल नेता येत नाही, तेव्हा 'फोटो दाखव' ही मागणी पुरी करता येणारच नाही. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. तिच्यावर उमेदवाराचं नाव आणि चिन्ह असतं, मतदाराचं नाव नसतं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९४ व्या कलमानुसार कोर्टातही तुम्ही मत कोणाला दिलंत हे सांगायला कोणी भाग पाडू शकत नाही.

याची मर्यादाही सांगितली पाहिजे. केंद्रावार आकडे जाहीर होतात, त्यामुळे एखाद्या वस्तीने एकूण कोणाकडे कौल दिला हे कळतं. कोणा एकीने काय केलं, ते कळत नाही.

'सगळे सारखेच' म्हणणाऱ्या मुलींसाठी 'नोटा'ची माहितीही इथेच द्यावी, कारण तिचं मूळ गुप्ततेतच आहे. पूर्वी कोणालाच मत द्यायचं नसेल तर तसं अधिकाऱ्यासमोर नोंदवावं लागे, म्हणजे सर्वांना कळत असे. त्यावर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आलं. मात्र लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी उमेदवारांपैकी पहिला निवडून येतो, हे झाकून ठेवू नये.

शेवटी उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं. गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती उमेदवाराने देणं सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालापासून आलं. एकाच मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं छापून न्यावीत, एकाचंच नेऊ नये. मुलींना गटांत बसवून तेच ते रकाने वाचायला द्यावेत. बायकांवरच्या अत्याचाराची कलमं कुठे दिसतात का, पत्नीच्या नावावर काय आहे, हे त्यांनी शोधावं. खटला चालू असणं आणि शिक्षा होणं यांचे रकाने वेगळे आहेत आणि आरोप म्हणजे गुन्हा सिद्ध झालेला नाही, हेही सांगावं. निष्कर्ष फळ्यावर लिहू नये.

प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो, 'ताई, तुम्ही कुणाला देता?' हसून म्हणावं, 'ते तर कोर्टालाही विचारता येत नाही.' आणि मग हजेरीचा कागद बाजूला ठेवून नमुना ६ चे कोरे अर्ज बाकांवर फिरवावेत.