आईचा खर्च, पावत्यांवरून

"तिघांनी सारखे पैसे द्यायचे, विषय संपला." भावंडांत हे वाक्य फार ऐकू येतं. पण सारखे म्हणजे कशाचे सारखे? आईला महिन्याला नक्की किती लागतात, ते तरी कुणाला माहीत असतं?

आमची आई सांगलीला एकटी राहते. ताई गावातच, मी पुण्यात, दादा बंगलोरला. आई आकडा विचारला की "मला काय लागतंय?" एवढंच म्हणते. म्हणून आम्ही तिच्या डब्यातल्या तीन महिन्यांच्या पावत्या काढल्या. किराणा, औषधं, वीज, गॅस, सोसायटी धरून महिन्याची सरासरी आली ११,३०० रुपये.

पण हा अर्धाच हिशोब. स्वयंपाकाच्या मावशी, दूध, भाजी, रिक्षा यांची पावती कुठून असणार? ते तिच्याशी गप्पा मारतच काढावं लागलं. झाले ७,५००. शिवाय मेडिक्लेमचा हप्ता, घरपट्टी, तपासण्या हे वर्षाचे ६०,०००, म्हणजे महिन्याला ५,०००. हे तीन महिन्यांच्या पावत्यांत दिसत नाहीत आणि मग ऐनवेळी ज्याच्या हाताशी पैसे असतील त्याच्यावर पडतात.

खरी गोष्ट वेगळीच सापडली. रक्तदाबाची गोळी रोज एक, म्हणजे तीन महिन्यांत ९० हव्यात. बिलांवर १५ गोळ्यांच्या तीनच स्ट्रिप्स, एकूण ४५! ताईने डबा पाहिला, जुना साठा नव्हता. दुसऱ्या दुकानातूनही घेतलेल्या नव्हत्या. विचारलं तर आई म्हणाली, "एक दिवसाआड घेतली तरी मला बरं वाटतं." महिन्याचे दोनशेही वाचत नव्हते हो!

म्हणून माझं मत असं, की पावत्यांची बेरीज म्हणजे आईचा खर्च नव्हे. ती तिच्या काटकसरीची बेरीज असते. वाटणी करायची ती तिने केलेल्या खर्चाची नाही, तिला लागणाऱ्या खर्चाची. प्रिस्क्रिप्शन शेजारी ठेवून बिलं वाचली तरच हा फरक कळतो.

गोळ्यांचे २०० धरून आकडा झाला २४,०००. आईचं फॅमिली पेन्शन १२,०००. ते सगळं हिशोबात ओढू नये, असं मला वाटतं. नातवंडांच्या हातावर ठेवायला, देवाला, भिशीला तिचे स्वतःचे पैसे हवेतच. ३,००० तिच्याकडे ठेवले, ९,००० धरले. उरले १५,०००.

सारखे वाटले तर प्रत्येकी पाच हजार. पण स्वतःचं घर चालवून दादाकडे जे उरतं, तेवढं ताईकडे उरत नाही. म्हणून शिलकीच्या अंदाजाने ३:२:१ असं ठरवलं. दादा ७,५००, मी ५,०००, ताई २,५००.

ताई दवाखान्यात तासन् तास बसते, त्याचे पैसे लावायला गेलो तर तीच रागावेल. पण तिचं रिक्षाभाडं आईच्या खर्चात धरलंय. आणि दिवाळी-मे महिन्यात आम्ही दोघं आळीपाळीने जाऊन राहणार, ताईला सुट्टी!

असो. दर सहा महिन्यांनी पुन्हा बेरीज करायची असं ठरलंय. गोळ्या मात्र दर महिन्याला मोजायच्या.