शून्याचे पाच टक्के

नातेवाइकांत मी "पाईपवाला" म्हणून प्रसिद्ध आहे. लग्नात भेटलेला प्रत्येक काका एकदा तरी विचारतोच, "अरे, पाईप जोडायला इंजिनियर कशाला लागतो? प्लंबर नाही का?" लागतो, काका. प्लंबर भिंत बघत पाईप कापतो. आमचा पाईप कापला जातो तेव्हा ती भिंत बांधलेलीच नसते. आज त्याबद्दल लिहितो, आणि जाता जाता आमच्या धंद्यातल्या एका सवयीशी भांडतोही.

कारखान्याचा लेआउट म्हणजे वरून पाहिलेला नकाशा. टाकी कुठे, पंप कुठे, पाईपरॅक कुठून जातो, हे त्यात दिसतं. पण वर-खाली जाणारा पाईप नकाशात नुसतं एक वर्तुळ होऊन बसतो. म्हणून प्रत्येक लाईनचं वेगळं आयसोमेट्रिक चित्र काढतात. आम्ही त्याला नुसतं "आयसो" म्हणतो. उभा पाईप उभाच दाखवायचा, आणि पूर्व-पश्चिम व दक्षिण-उत्तर जाणारे ३० अंशांत तिरके. चित्र प्रमाणात नसतं. १० मीटर आणि १ मीटर कागदावर सारखेच दिसू शकतात. खरे असतात ते आकडे. खाली कोपऱ्यात सामानाची यादी असते, तिला एमटीओ म्हणायचं. खरेदी खात्याला पाईपचं वळण कळत नाही, ते ही यादी बघून माल मागवतं.

आता एक साधी लाईन घेऊ. ६ इंची कार्बन स्टील, शेड्यूल ४०, फ्लँज १५० क्लासचे. हीट एक्स्चेंजरच्या वरच्या तोंडापासून (नोझलपासून) ती ३५०० मिमी वर जाते, तिथून उत्तरेला ४२०० जाते, मग पूर्वेला वळून २६०० वर टाकीच्या नोझलला मिळते. उत्तरेच्या तुकड्यात एक गेट व्हॉल्व्ह आहे. बेरीज १०,३०० मिमी. मग पाईप १० मीटर ३० सेंमी लागला का? नाही. आयसोवरचे आकडे मध्यापासून मध्यापर्यंतचे असतात आणि त्या लांबीत बाकीची मंडळीही जागा खातात. ६ इंची लाँग रेडियस एल्बो दोन्ही बाजूंना २२९ मिमी खातो. वेल्ड नेक फ्लँज ८९, व्हॉल्व्ह २६७, गॅस्केट साधारण ३.

उभा तुकडा: ३५०० मधून गॅस्केट ३, फ्लँज ८९ आणि एल्बो २२९ वजा केले की ३१७९ उरतात. उत्तरेचा: ४२०० मधून दोन एल्बोंचे ४५८, व्हॉल्व्हचे २६७, दोन फ्लँजचे १७८ आणि दोन गॅस्केटचे ६ गेले की ३२९१, तेही व्हॉल्व्हच्या दोन बाजूंना विभागून. पूर्वेचा: २६०० वजा २२९, ८९, ३, म्हणजे २२७९. एकूण पाईप ८७४९ मिमी. जवळजवळ दीड मीटरचा फरक, आणि तोही फक्त दोन एल्बो असलेल्या लाईनीत.

बाकीची यादी लाईनीवरून बोट फिरवत करायची. एल्बो २, व्हॉल्व्ह १, फ्लँज ४ (नोझलचे फ्लँज त्या यंत्राबरोबर येतात, ते आपले नाहीत), गॅस्केट ४. १५० क्लासच्या ६ इंची फ्लँजला ८ भोकं असतात, म्हणजे पाऊण इंची स्टड ३२. संपलं.

खरंच संपलं का? आता एक्स्चेंजरचं ड्रॉइंग उघडा. त्यावर नोझल ३०० क्लासचं आहे. असं सर्रास असतं. यंत्र बनवणारा आपल्या कारणांसाठी वरचा क्लास देतो. यादी मात्र पाईप स्पेसिफिकेशनवरून बनते आणि तिथे या लाईनीला सगळीकडे १५० लिहिलेलं आहे. ३०० क्लासच्या फ्लँजला भोकं १२ असतात, ८ नाहीत. आपला फ्लँज तिथे बसणारच नाही. म्हणजे एक फ्लँज ३०० चा हवा, त्याचा गॅस्केट वेगळा आणि बाहेरून मोठा, स्टड १२ आणि लांब. तो फ्लँज सुमारे १० मिमी लांब असल्याने उभा पाईपही तेवढाच कमी. पाईप, एल्बो, व्हॉल्व्ह सगळं बरोबर आणि फक्त एका तोंडाशी घोळ!

इथे माझं भांडण सुरू होतं. बऱ्याच ऑफिसांत यादी तयार झाली की शेवटी सगळ्यावर सरसकट पाच टक्के वाढवतात. "चुकलंमाकलं त्यात भागतं," असं सांगतात. पण वरच्या लाईनीत काय भागेल? ३२ स्टडवर पाच टक्के म्हणजे दोन जास्तीचे, तेही आखूड. १५० चा एखादा जादा गॅस्केट, जो ३०० ला बसत नाही. आणि ३०० चा फ्लँज यादीत मुळी नाहीच. शून्याचे पाच टक्के शून्यच! वाढीव टक्केवारी मोजणीतली कमतरता भरते, विसरलेली वस्तू नाही. उलट ती असल्यामुळे तपासणाऱ्याचा हात सैल पडतो, हे माझं खरं दुखणं आहे. साईटवर क्रेन उभी, फिटर उभा, वेल्डर उभा, आणि सगळे एका फ्लँजची वाट बघतात. त्या दिवसाची मजुरी फ्लँजच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असते.

जादा माल नकोच असं मी म्हणत नाही. तो जागा बघून द्यावा. हायड्रोटेस्टनंतर जे जोड उघडायचे, तिथे गॅस्केट पुन्हा लागतील, ते मोजून द्या. फाउंडेशन दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतंच, म्हणून वर, उत्तरेला आणि पूर्वेला एकेका तुकड्याच्या टोकाला १०० ते १५० मिमी जास्त ठेवा, आयसोवर तिथे साईट वेल्डची खूण करा, आणि फिटर जागेवर माप घेऊन कापेल. आपल्या लाईनीत हे तिन्ही जादा तुकडे धरूनही ६ मीटरचे दोन पाईप पुरतात. म्हणजे विचार करून दिलेला जादा माल इथे फुकटात बसतो.

आणि तपासणी? दोनच गोष्टी. पहिली, सुरुवातीच्या नोझलच्या मापात आयसोवरचे आकडे दिशेप्रमाणे मिळवत जा. शेवटच्या नोझलचं लेआउटवरचं माप आलं पाहिजे. जमाखर्च जुळवतो तसं. दुसरी, लाईन जिथे संपते, फुटते किंवा क्लास बदलते, त्या प्रत्येक तोंडाशी पलीकडचं ड्रॉइंग उघडून बघा. आता आयसो आणि यादी दोन्ही सॉफ्टवेअर काढतं, बेरीज ते चुकत नाही. पण एक्स्चेंजरचं नोझल मॉडेलमध्ये १५० म्हणून भरलं असेल तर ते निमूटपणे १५० चीच यादी देईल. पलीकडचा कागद माणसालाच उघडावा लागतो.

माझं मत विचाराल तर पाच टक्क्यांचा रकाना यादीतून काढून टाकावा. त्याच्या जागी "पलीकडचं ड्रॉइंग पाहिलं" असा रकाना घालावा आणि प्रत्येक तोंडासमोर सही घ्यावी. आमच्या लाईनीला तोंडं दोनच आहेत. दोन सह्यांना कितीसा वेळ लागतो?