मॅग्सल्फची पट्टी आणि आधी लिहून ठेवायचे निर्णय

कॅन्युला काढल्यावर रुग्णाच्या हातावर लाल, दुखरी रेघ दिसली की वॉर्डात मॅग्सल्फ-ग्लिसरीनची पट्टी ठेवतात, कुठे हेपॅरिनचे मलम लावतात. दोन्हींपैकी कशाने शिरेची सूज लवकर उतरते, हा प्रश्न एम.एस्सी. नर्सिंगच्या डेझर्टेशनमध्ये पुन्हापुन्हा येतो. एवढे अभ्यास झाले म्हटल्यावर त्यांचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करावासा वाटणे साहजिकच आहे. आमच्याकडे असे रिव्ह्यू येतात तेव्हा सोबतचा प्रोटोकॉल बहुतेकदा काम संपल्यावर बसून लिहिलेला असतो. कोणते अभ्यास घ्यायचे, कोणते मोजमाप धरायचे, कोणता अभ्यास कच्चा मानायचा, हे सारे निष्कर्ष डोळ्यांपुढे असताना ठरवलेले असते. त्यात लबाडी नसते. पण ज्या सिस्टरने दहा वर्षे मॅग्सल्फची पट्टी ठेवली आहे, तिला उत्तर काय यावे असे वाटते ते तिच्या निवडीत उतरतेच. म्हणून या अंकात याच एका प्रश्नाचा प्रोटोकॉल घेऊन आम्ही त्यातले तीन टप्पे पाहणार आहोत.

सर्चपासून सुरुवात करू. विद्यार्थी सहसा आपल्या शीर्षकातले सगळे शब्द पबमेडमध्ये टाकतात, सात-आठ पेपर येतात आणि काम झाले असे वाटते. खरे तर प्रश्नातल्या तीन कल्पना वेगळ्या काढायच्या असतात: शिरेची सूज, कॅन्युला आणि उपचार. प्रत्येक कल्पनेला लोक जी जी नावे देतात ती सारी OR ने जोडायची आणि मग तिन्ही गट AND ने बांधायचे. पबमेडसाठी ते असे दिसेल:

```
(phlebit*[tiab] OR thrombophlebit*[tiab]
 OR "Phlebitis"[Mesh])
AND
(cannul*[tiab] OR catheter*[tiab] OR intravenous[tiab]
 OR infusion*[tiab] OR "Catheterization, Peripheral"[Mesh])
AND
("magnesium sulfate"[tiab] OR "magnesium sulphate"[tiab]
 OR MgSO4[tiab] OR magsulf*[tiab] OR glycer*[tiab]
 OR heparin*[tiab] OR "Magnesium Sulfate"[Mesh]
 OR "Heparinoids"[Mesh])
```

यात मॅग्नेशियम सल्फेट दोनदा आहे, कारण अमेरिकन लेखक f ने लिहितात आणि आपल्याकडचे बहुतेक जण ph ने. एकच स्पेलिंग घेतले तर नेमके भारतीय अभ्यास निसटतात. heparin* ही ओळ जाणूनबुजून सैल ठेवली आहे. वॉर्डात आपण जे मलम वापरतो त्याला कुणी हेपॅरिन लिहितो, कुणी हेपॅरिनॉइड. या सैलपणामुळे कॅथेटर हेपॅरिनने फ्लश करण्याचे कितीतरी पेपर जाळ्यात येतील आणि ते हाताने बाजूला काढावे लागतील. ते काम वाढले तरी चालेल, कारण सर्चमध्ये जे सापडले नाही ते पुढे कुठल्याही टप्प्यावर परत येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ‘वेदना’, ‘लाली’, ‘बरे होणे’ असे परिणामाचे शब्द यात घातलेले नाहीत. सारांशात लेखकाने ते लिहिले नसतील तर चांगला अभ्यास उगाच बाहेर राहतो. पबमेडच्या बाजूच्या पट्टीतले ‘मानव’ किंवा वयोगटाचे फिल्टरही लावू नयेत. ते मेश शब्दांवर चालतात आणि ताज्या नोंदींना अनेकदा ते शब्द जोडलेले नसतात.

ही ओळ जशीच्या तशी सिनालमध्ये चालणार नाही. तिथले विषयशब्द वेगळे आहेत आणि लिहिण्याची पद्धतही वेगळी, म्हणून प्रत्येक डेटाबेससाठी ओळ नव्याने बांधावी लागते आणि प्रोटोकॉलमध्ये निदान एक तरी पूर्ण लिहावी लागते. ओळ बरी बांधली आहे की नाही हे तपासायचा सोपा मार्ग असा: विषयात बसणारे चार-पाच पेपर तुमच्या हाती आधीच असतात. सर्चच्या निकालात ते सगळे आले का ते पाहा. एक जरी आला नाही तर तो का निसटला ते शोधा, बहुधा एखादे समानार्थी नाव राहिलेले असते. आपल्या प्रश्नात आणखी एक अडचण आहे. बरेच अभ्यास नियतकालिकात छापूनच येत नाहीत, ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात डेझर्टेशन म्हणून पडून असतात. काही शोधगंगेवर मिळतील, काहींची नोंद सीटीआरआयवर असेल. कुठे कुठे शोधणार हे नावानिशी लिहा. शिवाय डेझर्टेशन आणि त्यावरून निघालेला पेपर हा एकच अभ्यास आहे, दोन नाहीत, हेही आधीच नोंदवा, नाहीतर तेच साठ रुग्ण दोनदा मोजले जातील.

आता स्क्रीनिंग. दोन जणांनी स्वतंत्रपणे आधी शीर्षक आणि सारांश, मग पूर्ण पेपर वाचायचा आणि मतभेद झाला तर तिसऱ्याने निकाल द्यायचा, एवढे सगळे जण लिहितात. प्रत्यक्षात कॉलेजात दोन वाचक म्हणजे विद्यार्थिनी आणि तिच्या गाईड मॅडम. मॅडमनी ‘घ्यायचा’ म्हटले की विद्यार्थिनी आपले ‘नको’ मुकाट्याने बदलते. मग दोघींचे एकमत शंभर टक्के दिसते आणि त्याला काहीच अर्थ राहत नाही. रय्यानसारख्या साधनात एकमेकींचे निर्णय झाकून ठेवण्याची सोय आहे, ती सुरू ठेवावी, आणि शक्य असेल तर दुसरी वाचक बरोबरीच्या दर्जाची घ्यावी. आधी पन्नासेक नोंदींवर सराव करून निकष दोघींना सारखेच कळले आहेत का ते पाहावे.

आपल्याकडच्या अभ्यासांत निकष सर्वांत जास्त घसरतो तो एका ठिकाणी. ‘परपझिव्ह सॅम्पलिंग’ असे वाचून वाचक अभ्यास बाहेर काढतो, किंवा ‘रँडम सॅम्पलिंग’ वाचून आत घेतो. दोन्ही चूक. रुग्ण कसे निवडले हा एक प्रश्न, आणि निवडलेल्यांपैकी कुणाला पट्टी आणि कुणाला मलम हे कसे ठरवले हा वेगळा प्रश्न. आपल्याला दुसऱ्याचे उत्तर हवे आहे. पुष्कळ डेझर्टेशनमध्ये रुग्ण सोयीने घेतलेले असतात, पण गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले असतात. असा अभ्यास आत यायला हवा. याउलट एकाच गटाला पट्टी ठेवून आधी आणि नंतर मोजलेला अभ्यास, पी मूल्य कितीही छोटे असले तरी, या रिव्ह्यूत बसत नाही. कॅन्युला काढल्यावर सूज आपोआपही उतरते. तुलनेचा गट नसेल तर पट्टीने किती उतरली आणि वेळेने किती, हे सांगताच येत नाही. हे वाक्य प्रोटोकॉलमध्ये कारणासकट लिहा, कारण असे अभ्यास ढिगाने सापडतील आणि ते सोडवणार नाहीत.

मोजमापही आधीच ठरवायचे. जॅक्सन यांची व्हीआयपी पट्टी ० ते ५ आहे, इन्फ्यूजन नर्सेस सोसायटीची ० ते ४. एकीतला २ म्हणजे दुसरीतला २ असे गृहीत धरता येत नाही. कोणत्या पट्टीवर कोणत्या अंकापासून ‘फ्लेबायटिस आहे’ म्हणायचे, आणि चोवीस, अठ्ठेचाळीस की बहात्तर तासांचे मोजमाप मुख्य धरायचे, हे पेपर उघडण्याआधी लिहिले नाही तर प्रत्येक अभ्यासातून सर्वांत शोभून दिसणारा आकडा उचलला जातो.

तिसरा टप्पा पक्षपाताचा धोका. यादृच्छिक चाचण्यांसाठी आरओबी २ हे साधन २०१९ मध्ये आले. त्याबद्दल पहिली लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे ते पूर्ण अभ्यासाला नव्हे, त्यातल्या एकेका निकालाला लावायचे असते. एक नमुन्यादाखल रचलेला अभ्यास घेऊ. साठ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून तीस-तीसचे दोन गट, संशोधक सिस्टरने स्वतःच पट्टी ठेवली किंवा मलम लावले आणि बहात्तर तासांपर्यंत दर बारा तासांनी स्वतःच व्हीआयपी अंक दिला. साठही रुग्ण शेवटपर्यंत राहिले. आपला निकाल अठ्ठेचाळीस तासांचा.

पहिला भाग गटवाटपाचा. चिठ्ठ्या ही यादृच्छिक पद्धत आहे, पण चिठ्ठी उघडण्याआधी पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे झाकलेले होते का, याबद्दल पेपर गप्प आहे. गट सुरुवातीला सारखे दिसत असतील तर उत्तर ‘काही शंका’. दुसरा भाग उपचारातल्या फरकाचा. कुणाला काय लावले हे सर्वांना माहीत होते, पण त्यामुळे ठरलेला उपचार बदलल्याची खूण नाही आणि सर्वांचे आकडे मूळ गटातच मोजले आहेत, म्हणून ‘कमी धोका’. तिसरा भाग गळालेल्या रुग्णांचा. कुणीच गळाले नाही, ‘कमी धोका’. चौथ्या भागावर थांबावे लागते. लाली किती, दुखते किती, हे त्याच सिस्टरने ठरवले जिने पट्टी बांधली आणि जिला पट्टीचा गुण यावा असे वाटत होते. असा अंक माहितीने बदलू शकतो आणि इथे तो बदलला असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून ‘जास्त धोका’. पाचवा भाग कोणता निकाल छापला याचा. सहा वेळा मोजले आणि आधीचा आराखडा कुठे नोंदवलेला नाही, म्हणून ‘काही शंका’. एका भागात जास्त धोका आला की एकूण निकाल जास्त धोक्याचा. यात सरासरी काढायची नसते.

नेमके हेच आमच्याकडच्या रिव्ह्यूंमध्ये चुकते. जेबीआयची चेकलिस्ट घेऊन तेरापैकी दहा ‘हो’ आले म्हणून अभ्यास ‘उत्तम’ ठरवला जातो. वरच्या अभ्यासालाही तेवढे ‘हो’ सहज मिळतील, पण जिथे ‘नाही’ आहे ती जागा सगळा निकाल पोखरणारी आहे. काही जण प्रिझ्माची यादी दर्जा मोजायला वापरतात. ती रिव्ह्यू कसा लिहून मांडावा याची यादी आहे, अभ्यासाचा दर्जा तिने ठरत नाही.

धोका ठरवून झाल्यावर त्याचे पुढे काय करणार, हे वाक्य बहुतेक प्रोटोकॉलमधून गायब असते. जास्त धोक्याचे निकाल मुख्य एकत्रीकरणात घेणार की ते वगळून पुन्हा गणित करून पाहणार? आणि सगळेच निकाल जास्त धोक्याचे निघाले तर? शिरेच्या सुजेच्या बाबतीत ही शक्यता कल्पनेतली नाही. कोरफडीवरचा कोक्रेन रिव्ह्यू २०१४ मध्ये आला तेव्हा त्यात अभ्यास भरपूर होते, तरी त्यांचा दर्जा इतका कच्चा होता की ठाम पुरावा मिळाला असे म्हणता आले नाही. तसे झाले तर आकडे एकत्र न करता अभ्यास शब्दांत मांडू, आणि वॉर्डाला ‘मॅग्सल्फच वापरा’ असे सांगणार नाही, हे आधी कबूल करून ठेवलेले बरे.

प्रोटोकॉल बदलू नये असे नाही. सर्च करताना नवे नाव सापडते, निकष अपुरा पडतो. तेव्हा बदल, त्याची तारीख आणि कारण लिहावे. प्रॉस्पेरोवर नोंद करायची तर अभ्यासांतून माहिती उतरवायला घेण्याआधी करावी. पुढच्या अंकापासून आमच्याकडे रिव्ह्यू पाठवताना तारखेची नोंद असलेला मूळ प्रोटोकॉल, किमान एका डेटाबेसची पूर्ण सर्च ओळ सर्च केल्याच्या दिवसासह, आणि प्रत्येक निकालाचे आरओबी २ चे पाचही भाग कारणांसकट सोबत जोडावेत. ज्यांचे काम अजून प्रोटोकॉलपर्यंतच आले आहे, त्यांनी तो तेवढाच पाठवला तरी आम्ही तो वाचून अभिप्राय कळवू.