गोल शिक्क्यालाही मजकूर असतो

“नावं नि तारखा तेवढ्या करा, बाकीचं राहू द्या.” रशियन जन्मदाखला इंग्रजीत करून घ्यायला येणारे बहुतेक जण मला हेच सांगतात. आमच्यातले काही अनुवादकही ते ऐकतात आणि तळाशी कंसात ‘सील’ एवढाच शब्द टाकून मोकळे होतात. कवितेतल्या स्वल्पविरामावर तासभर वाद घालणारे आपण अशा कामाला कारकुनी म्हणतो. मला हे मान्य नाही.

समजा, मुलीचा जन्म सेंट पीटर्सबर्गचा आहे. आई रशियन, वडील भारतीय. दाखला ‘झाग्स’ या नागरी नोंदणी कार्यालयाचा. भारतात तो चालावा म्हणून त्यावर अपोस्टिल घेतात. पण अपोस्टिल दाखल्यातल्या तपशिलाची हमी देत नाही. सही कोणाची, कोणत्या पदावरून आणि मोहर कोणत्या कार्यालयाची, एवढंच तो सांगतो. तेव्हा अपोस्टिलमधलं कार्यालयाचं नाव आणि दाखल्यावरच्या गोल मोहरेच्या कडेचं नाव ताडून पाहणं, ही इथल्या अधिकाऱ्याच्या हातातली साधी तपासणी. नुसतं ‘सील’ लिहिणारा ती तपासणीच काढून घेतो. शेजारी छापलेली ‘एम. पे.’ ही अक्षरं कोणी अधिकाऱ्याची आद्याक्षरं समजतं. ती ‘म्येस्ता पिचाती’ची आहेत, म्हणजे मोहरेची जागा.

खरा वाद पाठीमागच्या बाजूचा. मुलाचं रशियन नागरिकत्व नोंदवणारा शिक्का दाखल्याच्या मागे मारलेला असू शकतो. परदेशात जन्मलेल्या मुलाची भारतीय वकिलातीत नोंद करताना, त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं पालकांना लिहून द्यावं लागतं. म्हणून वडील घाबरून म्हणतात, “मागचं पान सोडा.” मी सोडत नाही. नागरिकत्वाचा शिक्का म्हणजे पासपोर्ट नव्हे, हे पालकांनी तिथे समजावून सांगावं. शिक्का आहे हे सांगणं माझं काम. तो गाळला आणि पुढे मूळ दाखला कोणी पाहिला, तर त्या शिक्क्यामुळे नव्हे, तो लपवल्यामुळे संशय येईल.

उलट टोकाची चूकही तितकीच वाईट. मोहर पुसट असली की काही जण कार्यालयाचं नाव अंदाजाने भरतात. मी ‘गोल मोहर, मजकूर अंशतः वाचनीय’ असं लिहितो, वाचता आलेले शब्द देतो आणि थांबतो. हातानं लिहिलेली टीप असेल तर ती कुठे आहे आणि हातानं लिहिलेली आहे, हेही सांगतो.

समोरचा अधिकारी रशियन वाचत नाही. त्याला कागदावर जे दिसतं पण वाचता येत नाही, ते सगळं वाचून दाखवण्यासाठीच तर मी आहे. त्यातलं काय महत्त्वाचं, हे मी ठरवायचं नाही.