पगारवाढीबरोबर ‘एसआयपी’ का वाढवावी?

दरवर्षी पगार वाढतो, घरखर्च वाढतो, मुलांची फी वाढते. मात्र म्युच्युअल फंडातील ‘एसआयपी’चा हप्ता सुरू केला त्या दिवशी होता तेवढाच राहतो. उद्दिष्ट हुकण्याचे कारण अनेकदा हेच असते.

फरक किती पडतो?

समजा, मुलगी आज तीन वर्षांची आहे. तिच्या अभियांत्रिकी शिक्षणाचा खर्च आजच्या भावाने १० लाख रुपये आहे. हा खर्च वर्षाला ८ टक्क्यांनी वाढत गेला, तर १५ वर्षांनी सुमारे ३१.७ लाख रुपये लागतील. पालकांनी दरमहा ५,००० रुपये गुंतवले आणि वार्षिक १२ टक्के परतावा गृहीत धरला, तर सुमारे २५.२ लाख जमतात. म्हणजे साडेसहा लाखांची तूट राहते.

हाच हप्ता दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवला, तर जमा रक्कम सुमारे ३२.६ लाखांवर जाते आणि उद्दिष्ट गाठले जाते. दुसऱ्या वर्षी यासाठी महिन्याला फक्त २५० रुपये जास्त लागतात. ५० हजार पगारावर ८ टक्के वाढ मिळाली, तर हाती ४,००० रुपये अधिक येतात. त्यातले हे २५० रुपये.

नंतर वाढवले तर?

पहिली पाच वर्षे हप्ता तसाच ठेवून सहाव्या वर्षापासून ५ टक्के वाढ सुरू केली, तर सुमारे २८.२ लाखच जमतात. सुरुवातीच्या वाढीव रकमेला चक्रवाढीसाठी सर्वाधिक वर्षे मिळतात, ती नंतर भरून निघत नाहीत.

अडचण कुठे येते?

‘स्टेप-अप’ किंवा ‘टॉप-अप’चा पर्याय शक्यतो एसआयपी नोंदवतानाच निवडावा. चालू एसआयपीला तो जोडता येत नसेल, तर वाढीव रकमेची दुसरी छोटी एसआयपी सुरू करता येते. बँकेला दिलेल्या मँडेटची कमाल मर्यादाही तपासावी. वरील उदाहरणात पंधराव्या वर्षी हप्ता सुमारे ९,९०० रुपये होतो. मँडेट ५,००० रुपयांचेच असेल, तर वाढलेला हप्ता खात्यातून वळता होणार नाही. म्हणून वाढ लागू होण्याच्या महिन्यात पासबुकात नवी रक्कम वजा झाली का, हे पाहावे.

वाढ रुपयांत की टक्क्यांत?

दरवर्षी ठरावीक ५०० रुपये वाढवले, तर पहिल्या वर्षी ती १० टक्के वाढ असते. हप्ता १० हजारांवर गेल्यावर ती ५ टक्केच उरते. पगार टक्क्यांनी वाढतो, म्हणून हप्ताही टक्क्यांनी वाढवणे सोयीचे.

१२ टक्के परतावा हे गृहीतक आहे, हमी नव्हे. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी शिक्षणाचा प्रत्यक्ष खर्च आणि जमलेली रक्कम ताडून पाहावी. तूट दिसली, तर त्या वर्षीच्या पगारवाढीतला थोडा मोठा वाटा हप्त्याकडे वळवावा.